अठरा पानांचं धोरण एका पानात: चौकटीत नेमकं काय राहिलं पाहिजे?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून.

गेल्या व्हिडिओखाली एकच मागणी होती: "ताई, मोठं धोरण एका पानात कसं बसवायचं ते दाखवा." चला तर. माझ्या हातात एका गणवेश शिवणाऱ्या युनिटचं लैंगिक छळ प्रतिबंधक धोरण आहे, 2013 च्या कायद्यावर बेतलेलं. पानं अठरा. भिंतीवर लावायचाय एकच ए-फोर कागद.

सोपं आधी उरकते. मथळे चारच: तक्रार कुणाकडे, कधी, कशी, आणि पुढे काय होतं. व्याख्या आणि प्रस्तावना या कागदावर नकोत. चौकटीसाठी वर्डमध्ये टेक्स्ट बॉक्स घेऊ नका, मजकूर वाढला की तो सरकतो. एका खान्याचं टेबल घाला. चौकटीत करडा रंग भरू नका, दुसऱ्या झेरॉक्सला अक्षरं काळवंडतात. एकांनी लिहिलंय, "फॉन्ट आठचा केला की सगळं मावतं." अहो, मावतं, पण मशीनवरून उठून आलेल्या बाईला ते उभ्याने वाचायचंय! बाराच्या खाली जाऊ नका. मावत नसेल तर मजकूर कमी करा.

आता ज्यासाठी बसले ते. आकडा चौकटीत येतो आणि त्याची अट बाहेर राहते.

माझ्याच हातून हे झालंय. पहिल्या कागदावर मी ठळक चौकटीत लिहिलं होतं, "तक्रार 3 महिन्यांच्या आत करावी." सुटसुटीत, म्हणून सगळ्यांना आवडलं. काही महिन्यांनी एक बाई म्हणाल्या, "माझे तर चार महिने झाले, म्हणून मी आलेच नाही." त्यांनी कागद नीट वाचला होता. कागदच अर्धा होता. मूळ कलमात पुढे दोन गोष्टी आहेत. प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर 3 महिने शेवटच्या घटनेपासून मोजायचे. आणि वेळेत न येण्यामागे तशी परिस्थिती असेल, तर समिती कारणं लेखी नोंदवून आणखी 3 महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. मी ते "तपशील" समजून गाळलं होतं. त्या बाईंसाठी तोच मुद्दा होता.

म्हणून वाचताना हातात लाल पेन ठेवा. "परंतु", "मात्र", "तथापि", "अन्यथा" हे शब्द दिसले की गोल करा. धोरणातल्या सवलती आणि अपवाद बहुतेक याच शब्दांमागे असतात. गोल केलेलं वाक्य ज्या आकड्याला लागतं, त्याच्याच चौकटीत गेलं पाहिजे. खाली तारा काढून बारीक टीप टाकली तर ती कोणी वाचत नाही.

हे बघा, सुधारलेली चौकट. (कागद कॅमेऱ्याजवळ)

"तक्रार कधी? शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांच्या आत. उशीर झाला असला तरी या, कारण पटलं तर समिती आणखी 3 महिन्यांपर्यंत मुदत देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समिती लिहायला मदत करेल."

शेवटचं वाक्य माझ्या पदरचं नाही, कायद्यातच आहे. आपल्याकडे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या किती बायका शिलाईवर आहेत! "लेखी तक्रार" एवढंच वाचलं तर त्या तिथेच थांबतील.

आणि "देऊ शकते" हे "देते" करू नका. जागा वाचते म्हणून लोक करतात, मला त्याचा फार राग येतो. "शकते" म्हणजे समितीच्या मर्जीवर, "देते" म्हणजे हक्क. उलटही तसंच: चौकशी 90 दिवसांत पूर्ण करणं बंधनकारक आहे, तिथे "करू शकते" लिहिलंत तर समितीला सुट्टी दिलीत.

कागद झाला की धोरण न वाचलेल्या कुणाला तरी फक्त चौकट द्या आणि विचारा: "जानेवारीत घडलं, मार्चमध्ये पुन्हा घडलं, आज मे आहे. तक्रार करता येईल?" "नाही" असं उत्तर आलं, तर अट अजून बाहेरच आहे. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलने मूळ कलमाचा नंबरही लिहा. नंबर सापडला नाही तर ते वाक्य आपण स्वतः रचलंय, ते काढा.

एका ताईंनी विचारलंय, "आमच्याकडे सातच जणी कामाला आहेत, समितीच नाही." दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तुमच्या कागदावर पहिल्या मथळ्याखाली तेच लिहा.

समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर मात्र छापू नका. मुदत जास्तीत जास्त 3 वर्षांची असते, माणसं बदलतात. तिथे रिकामी चौकट ठेवा, नावं पेनाने भरा आणि खाली भरल्याची तारीख टाका.