टॉप पाच वर, टॉप पाच खाली: सोमवारचा कागद कसा वाचायचा

(फोंड्यातल्या दुकानदारांसमोर केलेलं भाषण, थोडं नीट करून)

मंडळी, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून दर सोमवारी एक कागद निघतो, गेल्या आठवड्यात कुठला माल सगळ्यात जास्त वाढला ते पाच आणि कुठला सगळ्यात जास्त पडला ते पाच, आणि प्रत्येकासमोर आपोआप आलेली एक ओळ. दिसायला झकास. पण यादी लावायची कशावर, हे आधी ठरवा. टक्क्यांवर लावलीत तर एखादी अगरबत्ती १ पाकिटावरून ४ वर गेली की ३०० टक्के वाढ दाखवून पहिल्या नंबरावर बसते, आणि उकड्या तांदळाचा हजारोंचा फरक यादीत येतच नाही. म्हणून क्रम रुपयांच्या फरकावर लावायचा, टक्के नुसते बाजूला दाखवायचे. आणि तुलना एकट्या गेल्या आठवड्याशी नको, मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी करा, नाहीतर या सोमवारी वर दिसलेला माल पुढच्या सोमवारी हमखास खाली दिसणार, कारण तो फक्त आपल्या नेहमीच्या जागी परत आलेला असतो.

आता एक हिशेब बघूया, आकडे मी समजायला सोपे घेतलेत. खोबरेल तेलाची एक लिटरची बाटली, सरासरी आठवड्याला ६०, या आठवड्यात गेल्या ४१. पडलेल्यांच्या यादीत नाव आलं, शेजारी ओळ, "मागणी घटली". मालक लगेच म्हणणार, पुढची ऑर्डर कमी करू. थांबा! स्टॉक बघितला तर तीन दिवस बाटली शेल्फवर नव्हतीच. म्हणजे ४१ गेल्या त्या चार दिवसांत, दिवसाला दहाच्या वर, आणि एरवी जातात दिवसाला साडेआठ. मागणी वाढलीय हो, घटली कुठे! आणि मजा अशी की त्याच कागदावर वाढलेल्यांत अर्धा लिटरची बाटली आहे, ४० वरून ७०. ती काही अचानक लोकांना आवडायला लागली नाही, मोठी मिळाली नाही म्हणून लोकांनी छोट्या उचलल्या. लिटरमध्ये मोजा, एरवी ६० आणि २० मिळून ८० लिटर, या आठवड्यात ४१ आणि ३५ मिळून ७६. तेल जवळपास तेवढंच गेलं. दोन्ही याद्या एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून एकाच जातीच्या मालाला एक ग्रुप देऊन ठेवा.

या ओळी मशीन लिहितं म्हणजे काय, तर आपण दिलेल्या अटी ते वरून खाली तपासत जातं. पहिली अट स्टॉकचीच ठेवा. मग एकाच मोठ्या बिलामुळे वाढ झाली का, लग्नाचं जेवण करणारा कोणीतरी एकदम पन्नास किलो घेऊन गेला असेल तर तेवढं लिहा. मग भाव बदलला का. यातलं काहीच नसेल तर कारण लिहायचंच नाही. एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी, D मध्ये माल नसलेले दिवस असतील तर सुरुवात एवढीच:

```
=IF(D2>=2,"माल "&D2&" दिवस नव्हता","कारण नोंदीत नाही")
```

"कारण नोंदीत नाही" हे वाचायला अपुरं वाटतं, मला ते "मागणी घटली" पेक्षा शंभरपट बरं वाटतं, निदान माणूस उठून शेल्फ तरी बघतो.

सणांचं मात्र मशीनला काही कळत नाही. काहींना गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करायची हौस असते. सुक्या मासळीला ती चालते, कारण पावसातली यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदी तारखेने येते, १ जून ते ३१ जुलै. पण चवथ तिथीने येते. २०२४ ला ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा २०२४ ला ऐन खरेदीचा, आणि २०२५ ला चवथ होऊन गेलेली. ते दोन समोरासमोर ठेवले की गूळ, नारळ, कापूर सगळे आपटलेले दिसणार, आणि प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसतं. तिथे चवथीच्या आधी किती दिवस, असं मोजून आठवडे जुळवायचे, आणि ती तारीख दरवर्षी आपणच हाताने भरायची.

आणि एक गोष्ट या कागदावर कधीच येत नाही. एखादा माल दर आठवड्याला दोन टक्क्यांनी कमी होत असेल तर तो पहिल्या पाचात कुठून येणार, चार आठवड्यांची सरासरीसुद्धा त्याच्याबरोबर खाली सरकत असते. पण सहा महिन्यांत तो जवळजवळ चाळीस टक्के गेलेला असतो. त्यासाठी महिन्यातून एकदा दुसरा कागद काढा, हे तीन महिने आणि त्याच्या आधीचे तीन महिने, मध्ये चवथ किंवा दिवाळी आली असेल तर ते आठवडे दोन्हीकडून वगळून.