बाळंतिणीचं ताट आणि संध्याकाळची फेरी

नमस्कार श्रोतेहो. बाळ तीन महिन्यांचं झालं की बाळंतीण विचारते, "आता जरा चालायला लागले तर दूध कमी होईल का? आणि खायचं वाढवू की कमी करू?"

आपण एक उदाहरण घेऊ. आईचं वजन 55 किलो, घरचं हलकं काम, बाळ फक्त अंगावरच पितंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने एरवी तिला दिवसाला साधारण 1660 कॅलरी आणि 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. अंगावर पाजताना पहिले सहा महिने त्यात 600 कॅलरी आणि सुमारे 17 ग्रॅम प्रथिनांची भर पडते. म्हणजे झाल्या 2260 कॅलरी आणि 63 ग्रॅम प्रथिनं.

आता चालण्याचं बघा. अर्धा तास बेताच्या चालीने चाललं, तर बसून राहण्यापेक्षा 70-80 कॅलरी जास्त जातात. एका लहान पोळीएवढ्याच! तेव्हा चालण्यासाठी वेगळा खुराक नको. अशा हलक्या व्यायामाने दूधही आटत नाही. दूध कमी होतं ते वजन उतरवण्याच्या घाईत जेवण तोडल्यामुळे.

आपल्याकडे घोळ होतो तो प्रथिनांचा. डिंकाच्या एका मध्यम लाडवात साधारण 200 कॅलरी असतात. तीन लाडू खाल्ले की जादाच्या 600 भरल्या, पण प्रथिनं मिळाली जेमतेम 8-9 ग्रॅम. आजी खूश, वजनकाटाही वर! लाडू खावा, पण एकच. बाकीची जागा डाळी-उसळींना द्या.

दिवसभरात सहा भाकऱ्या किंवा पोळ्यांतून 24 ग्रॅम येतात. दोन्ही वेळच्या घट्ट वरणाची मिळून दोन मुठी कच्ची डाळ, तिचे 14. वाटीभर मटकीच्या उसळीचे 7, दोन कप दुधाचे 13 आणि मूठभर शेंगदाण्यांचे 7. बेरीज 65. अंडं चालत असेल तर एकाचे 6, मग उसळ एखादे दिवशी चुकली तरी चालेल. वरण मात्र घट्टच हवं. पातळ वरणाच्या वाटीत निम्मी डाळही नसते.

फेरीला निघण्याआधी बाळाला पाजून घ्या, छाती हलकी राहते. सिझेरियन झालं असेल तर सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांना विचारून वेग वाढवा. चालल्यावर अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागलं, तर थांबून त्यांना दाखवा.

आहार पुरतोय का, हे आईच्या वजनावरून कळतं. महिन्याला दोन किलोपर्यंत उतरलं तर हरकत नाही. त्याहून भराभर उतरत असेल तर ताट वाढवा. बाळाने दिवसभरात सहा-सात वेळा लंगोट ओला केला आणि वजन वाढतं राहिलं, की दूध पुरतंय. सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू झालं की आईच्या जादा कॅलरी 520 वर येतात, प्रथिनं 13 वर. तेव्हा आधी लाडू बंद करा, उसळ नको.