जिल्ह्याचा पाऊस आणि तात्यांचं सोयाबीन

श्रोतेहो, नमस्कार. सोयाबीन काढणीचे दिवस तोंडावर आलेत, म्हणून आज मोबाईलवरच्या हवामानाबद्दल आणि बाजारभावाबद्दल बोलू. निपाणीकडच्या एका गावात आमचे स्नेही आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. गेल्या वर्षी मुलानं त्यांच्या फोनवर हवामान आणि भाव सांगणारं अ‍ॅप घालून दिलं. सल्ला कन्नडमध्ये यायचा, तो नातू वाचून सांगायचा. जूनमध्ये पेरणी, जुलैत फवारणी, दोन्ही वेळा अंदाज बरोबर निघाला. तात्यांचा विश्वास बसला.

सप्टेंबर सरत आला होता, उत्तरा नक्षत्राचे शेवटचे दिवस. सकाळी नातू म्हणाला, "आज्जा, उद्या-परवा बेळगाव जिल्ह्यात जोरदार पाऊस, तुरळक ठिकाणी." तात्यांनी 'जोरदार' तेवढं ऐकलं. दोन एकर सोयाबीन उभं होतं. पानं पिवळी पडलेली, पण पुरती गळलेली नव्हती आणि खालच्या शेंगा अजून हिरवट होत्या. म्हातारी म्हणाली, "अहो, दाणा दाताखाली दबतोय, कट्ट वाजत नाही. आठ दिवस थांबा की!" तात्या थांबले नाहीत. साऱ्या गावानं तीच बातमी वाचलेली, त्यामुळं मजूर मिळेना, मजुरी चढली. कापणी झाली, त्याच रात्री मळणी मशीन लावलं आणि ओल्या दाण्याची पोती ट्रॉलीत भरून दुसऱ्या दिवशी बाजारात नेली.

पाऊस आला का? आला! खानापूरच्या घाटात कणकुंबीकडं धो धो कोसळला. तात्यांच्या शिवारात ऊन पडलं होतं.

बाजारात ट्रॉल्यांची रांग, सगळ्यांचा माल ओला. अ‍ॅपवर आदल्या दिवशीचा भाव 4200 होता. व्यापाऱ्यानं मूठभर दाणे घेतले, यंत्रात टाकले, ओलावा 19 टक्के. भाव दिला 3500. तात्या म्हणाले, "पण फोनवर 4200 आहे!" व्यापारी म्हणाला, "तो वाळलेल्या मालाचा, तात्या." 14 क्विंटल माल होता, 49 हजार रुपये हातात आले.

आता हिशेब नीट करू. पुष्कळ जण म्हणतात, क्विंटलला 700 गेले, म्हणजे 9800 चं नुकसान. तसं नाही. 19 टक्क्यांवरून 12 टक्क्यांपर्यंत वाळवलं की पाणी उडतं आणि 14 क्विंटलचे साधारण 12.9 क्विंटल उरतात. त्याला 4200 धरले तर 54 हजारांच्या वर. म्हणजे खरं नुकसान 5 हजारांच्या आसपास. शिवाय वाढलेली मजुरी गेली आणि हिरवे, सुरकुतलेले दाणे मालात आले ते वेगळंच.

आता अंदाजाकडं या. तो खोटा नव्हता. आपला जिल्हा एका टोकाला कणकुंबीच्या घाटात आणि दुसऱ्या टोकाला अथणीच्या कोरड्या माळावर. घाटात वर्षाला काही हजार मिलिमीटर पडतो, अथणीत पाच-सहाशे. एका ओळीत 'जिल्ह्यात पाऊस' म्हटलं, तर तो नेमका कुणाचा? पुन्हा सांगतो, जिल्ह्याचा पाऊस म्हणजे तुमच्या शेतातला पाऊस नव्हे. आणि 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या पाऊस मोजणाऱ्या ठिकाणांपैकी फार तर चौथ्या हिश्शात. 'बहुतांश ठिकाणी' असेल तर मात्र ताडपत्री काढा. जाता जाता सांगतो, माझं ठाम मत आहे की प्रत्येक गावच्या शाळेत पर्जन्यमापक असावा आणि मुलांनी रोज फळ्यावर आकडा लिहावा. विज्ञान त्यातून जेवढं कळेल, तेवढं पाठांतरातून कळणार नाही.

तेव्हा जिल्ह्याचा नको, तालुक्याचा अंदाज उघडा. पाच दिवसांचा दिसत असला तरी पहिल्या दोन दिवसांवर जास्त भिस्त ठेवा. काढणीच्या दिवशी पुढच्या तीन तासांचा इशारा आणि पणजीच्या रडारचं चित्र बघा. ढग घाटावरच अडलाय की आपल्याकडं सरकतोय, ते त्यात दिसतं. पीक तयार आहे का, हे फोन सांगणार नाही. पानं गळलेली, शेंगा तपकिरी, हलवल्यावर आत खुळखुळ आणि दाताखाली दाणा कट्ट. तो निर्णय शेतातच घ्यायचा.

भाव बघताना तारीख बघा, आणि तो वाळलेल्या मालाचा आहे हे धरून चाला. आणखी एक. आपण सीमेवरचे, पण यादीत कर्नाटक निवडलं की कोल्हापूर दिसत नाही. महाराष्ट्र निवडून तेही बघा, आणि भाड्याचा खर्च वजा करा.

तात्यांचं बांधापलीकडचं आणखी एक एकर मजूर न मिळाल्यानं तसंच उभं राहिलं होतं. आठ दिवसांनी, हस्त लागल्यावर, दोन दिवस तालुक्याचा अंदाज कोरडा बघून ते कापलं, खळ्यावर तीन दिवस वाळवलं. ओलावा 12 भरला, भाव 4150 मिळाला.