रंग मुरतोय, तोवर हात मोकळा

नमस्कार श्रोतेहो. कचेऱ्यांच्या वस्तीतल्या पार्लरमध्ये दुपारी एक वाजता काय होतं, ते तिथे काम करणाऱ्यांना सांगायला नको. हिंजवडी असो की नरिमन पॉइंट, जेवणाची सुट्टी सगळ्यांची एकदमच होते. कुणाला केस कापायचे असतात, कुणाला नुसत्या भुवया करायच्या असतात आणि एखादी म्हणते, "मुळं पांढरी दिसतायत, तेवढा टच-अप करून टाका ना." गिऱ्हाईक चार, हात तीन आणि केस धुवायचं बेसिन एकच. अशा वेळी अपॉइंटमेंटची वही कशी भरायची, त्याबद्दल आज बोलू या.

बऱ्याच ठिकाणी वहीत तासातासाचे रकाने असतात. काम कुठलंही असो, एक गिऱ्हाईक म्हणजे एक रकाना. पण भुवयांना दहा मिनिटं लागतात, धुऊन केस कापायला पाऊण तास लागतो आणि कंबरेपर्यंतच्या दाट केसांचं केराटिन म्हटलं की चार तासही जातात. म्हणून वही पंधरा-पंधरा मिनिटांची करावी आणि प्रत्येक कामाला लागतील तेवढे रकाने द्यावेत. हे रकाने अंदाजाने ठरवू नका. आठवडाभर प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट पेन्सिलीने लिहून ठेवा. बसल्यावर "थोडे बारीक करू की लेअर्स देऊ" ही चर्चा, शेवटी खुर्चीभोवतीचे केस झाडणं, पैसे घेणं, हे सगळं त्यात धरायचं.

आता मुळांच्या टच-अपकडे पाहू, कारण दुपारच्या गर्दीची किल्ली त्यात आहे. सगळं मिळून जवळजवळ पावणेदोन तासांचं काम. पण त्यातला रंग लावायचा वेळ अर्धा तास. पुढची पस्तीस मिनिटं रंग मुरतो आणि गिऱ्हाईक मासिक चाळत बसतं. मग धुणं आणि ड्रायर. म्हणजे खुर्ची पूर्ण वेळ अडलेली असते, स्टायलिस्टचे हात मात्र मधली अर्ध्या तासाहून जास्त वेळ मोकळे असतात. वहीत सलग पावणेदोन तासांची रेघ ओढली, की ही फट दिसतच नाही. टच-अप नेहमी तीन तुकड्यांत लिहावा: लावणं, मुरणं, धुणं आणि वाळवणं. मधला तुकडा खुर्चीच्या नावावर, कडेचे दोन स्टायलिस्टच्या नावावर.

एक दुपार धरू. तुमची सगळ्यात अनुभवी स्टायलिस्ट सव्वाबाराला टच-अप सुरू करते. पाऊणला रंग लावून होतो. तेव्हापासून एक वीसपर्यंत ती मोकळी. या फटीत धुवायची गरज नसलेलं छोटं काम घ्यायचं, म्हणजे टोकं कापणं किंवा पुढची बट सारखी करणं. ते एक दहापर्यंत आटपतं आणि हाताशी दहा मिनिटं उरतात. पाऊण तासाचा हेअरकट इथे कोंबायचा मोह आवरा. ते गिऱ्हाईक दहा मिनिटं उशिरा आलं तर रंग वेळेपेक्षा जास्त राहतो, नाहीतर अर्धे कापलेले केस घेऊन कुणीतरी आरशासमोर ताटकळत बसतं.

आणि हे फक्त साध्या टच-अपला लागू आहे, बरं का. ब्लीच लावलेलं असेल तर तिथून हलायचं नाही. ब्लीच दर थोड्या वेळाने उघडून पाहावं लागतं आणि ते जास्त वेळ राहिलं तर केस तुटतात. हायलाइट्सच्या मधल्या वेळात दुसरं गिऱ्हाईक घेणं म्हणजे निखाऱ्याशी खेळ.

दुसरी अडचण बेसिनची. वहीत स्टायलिस्टचे रकाने असतात, बेसिनचा नसतो. मग एक वाजता तीन हेअरकट दिले जातात आणि तिघीही एकदम धुवायला उठतात. एकीचं धुणं दहा मिनिटांचं, म्हणजे तिसरीला वीस मिनिटं नुसतं टॉवेल गुंडाळून उभं राहायचं. बेसिनला वहीत स्वतःचा रकाना द्या. आपल्या दुपारी दुसरी स्टायलिस्ट एकला पहिला हेअरकट घेते, बेसिन एक दहाला मोकळं होतं. एक वीसला रंग धुवायचा, तो मदतनीस मुलगी धुईल. म्हणून तिसऱ्या स्टायलिस्टचा हेअरकट एक वाजता नको, दीडला ठेवा. तोवर तिच्याकडे भुवया आणि अपर लिप द्या, त्यांना पाणीच लागत नाही. पावणेदोनला दुसरीकडे पुढचा हेअरकट. रंगवालीचा ड्रायर दोनच्या आत होतो. बेसिनपाशी कुणीच खोळंबत नाही आणि अडीचपर्यंत तीन हेअरकट, एक टच-अप, एक छोटं काम आणि दोन-तीन जणींच्या भुवया उरकतात.

लांबलचक कामं मात्र या वेळेत येऊ द्यायची नाहीत. केराटिन सकाळी साडेनऊला किंवा दुपारी अडीचनंतर. फोनवरच विचारून घ्या की केस कुठवर आहेत, खांद्यापर्यंत की कंबरेपर्यंत, त्यावर दीड तासाचा फरक पडतो. रंगासाठी पहिल्यांदाच येणारं गिऱ्हाईक असेल तर ॲलर्जी पाहण्यासाठी थेंबभर रंग लावून अठ्ठेचाळीस तास थांबायचं असतं. म्हणजे वहीत दोन नोंदी: आज पाच मिनिटांची, परवानंतरची मोठी.

फोनवरचा प्रश्नही बदलून बघा. "कधी येताय?" असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, "एकला." त्याऐवजी विचारावं, "तुम्हाला परत किती वाजता पोचायचंय?" दोनला मीटिंग असलेलीला एकचाच वेळ द्यावा लागतो. घरून येणाऱ्या काकूंना मात्र एक वाजताच यायचं असतं ते निव्वळ सवयीने. "काकू, साडेअकराला आलात तर निवांत होईल" म्हटलं की त्या बहुधा आनंदाने येतात. वारांचाही हिशेब ठेवा. गुरुवारी, शनिवारी केसांना कात्री न लावणारे बरेच जण असतात, त्यामुळे बुधवारी-शुक्रवारी दुपारी कापण्याचं काम वाढतं आणि टच-अप गुरुवारी देता येतो, अर्थात गिऱ्हाईक त्या दिवशी रंगही टाळत नसेल तर.

मोकळा वेळ ठेवायचा तर प्रत्येक कामानंतर पाच-पाच मिनिटं ठेवून उपयोग नाही, ती कशातच धरता येत नाहीत आणि गप्पांत जातात. एकीच्या नावावर सव्वादोनचा एक अख्खा रकाना रिकामा सोडा. दुपारभर साचलेला उशीर तिथे जिरतो. उशीर झालाच नाही तर दारातून आत आलेल्याला तिथे बसवता येतं.

आणि स्टायलिस्टचं स्वतःचं जेवण? तेही वहीत लिहा, शाईने. एकीचं पावणेबाराला, दुसरीचं अडीचला, तिसरीचं तीनला. नाहीतर तिघीही चारपर्यंत उपाशी राहतात, हात थरथरायला लागतात आणि चारच्या हेअरकटला कानामागची रेघ वाकडी येते. ॲपवर अपॉइंटमेंट घेत असाल तर एकदा तपासून पाहा, रंगाचं काम त्यात तुकडे करून भरता येतं का. येत नसेल तर एकाच गिऱ्हाइकाच्या दोन नोंदी करा, एक लावण्याची, एक धुण्याची, आणि मधला वेळ स्टायलिस्टच्या नावावर उघडा ठेवून खुर्ची तेवढी अडवून ठेवा. नमस्कार.