सुटा माल आणि सीलबंद डबे

[दृश्य: सुक्या मेव्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. अक्रोडाचे गर मापट्यातून पडतात, आकडा वर सरकतो.]

काट्यावर अक्रोड पडतायत. शेजारी काजू, त्यापलीकडे बदाम. समोर एक पिशवी आहे, तिच्यात १० किलोच माल मावतो. दुकानात आज अक्रोड ६ किलो आहे, काजू ५ किलो आणि बदाम ५ किलो. अक्रोडाचा भाव किलोला ९०० रुपये, काजूचा ८५०, बदामाचा ८००. पिशवीत जास्तीत जास्त किमतीचा माल न्यायचाय. संगणकशास्त्रात या कोड्याला नॅपसॅक म्हणतात.

[दृश्य: मापटं जवळून. गर एकेक करून घसरतात.]

माल सुटा आहे, हे नीट बघून ठेवा. पाव किलो घ्या, पन्नास ग्रॅम घ्या, अर्धवट मापटं घ्या. अशा वेळी उपाय अगदी सरळ असतो. किलोचा भाव काढायचा, चढ्या भावाचा माल आधी भरायचा आणि पिशवी भरेपर्यंत खाली उतरत जायचं. अक्रोड सगळा, ६ किलो, ५,४०० रुपये. जागा उरली ४ किलो. ती काजूने भरली, ३,४०० रुपये. पिशवी काठोकाठ भरली आणि एकूण झाले ८,८०० रुपये. बदामाला हात लावायची वेळच आली नाही.

हा लोभी उपाय, म्हणजे ग्रीडी. लोभी असूनही तो इथे नेमका बरोबर का येतो, ते काट्यावरच दिसतं.

[दृश्य: पिशवीतून १०० ग्रॅम बदाम काढून त्याजागी १०० ग्रॅम अक्रोड. काटा जागचा हलत नाही.]

समजा कुणी वेगळी पिशवी भरली. तिच्यात थोडा बदाम आहे आणि थोडा अक्रोड बाहेर राहिलाय. त्यातला १०० ग्रॅम बदाम काढला, १०० ग्रॅम अक्रोड टाकला. वजन तेवढंच राहिलं, किंमत १० रुपयांनी वाढली. म्हणजे आधीची पिशवी सर्वोत्तम नव्हती. चढ्या भावाचा माल बाहेर आणि उतरत्या भावाचा आत, अशी स्थिती असेपर्यंत ही अदलाबदल करता येते आणि दर वेळी फायदाच होतो. ती थांबते तेव्हा हातात लोभी पिशवीच असते. सगळा पुरावा एवढाच. पण तो एका अटीवर उभा आहे: जेवढं काढलं, बरोबर तेवढंच टाकता आलं पाहिजे. दुसरी अटही आहे. अर्ध्या किलोला अर्धीच किंमत हवी. घाऊक घेतल्यावर भाव बदलत असेल, तर हा हिशोब असाच्या असा लागू पडत नाही.

[दृश्य: तोच माल आता तीन पत्र्याच्या डब्यांत. झाकणांवर सील.]

आता माल तोच, भाव तेच, पिशवीही तीच. फक्त डबे सीलबंद. अक्रोडाचा डबा ६ किलो, ५,४०० रुपये. काजूचा ५ किलो, ४,२५० रुपये. बदामाचा ५ किलो, ४,००० रुपये. डबा घ्यायचा तर अख्खा, नाहीतर बाहेरच ठेवायचा. म्हणून याचं नाव शून्य-एक नॅपसॅक.

[दृश्य: अक्रोडाचा डबा पिशवीत जातो. काजूचा डबा तोंडाशी अडतो. मग बदामाचा.]

तोच नियम लावला. अक्रोडाचा डबा आत गेला. ४ किलो जागा उरली, आणि ५ किलोचे दोन्ही डबे बाहेर. पिशवीत ५,४०० रुपये. अक्रोड बाहेर काढून काजू आणि बदाम ठेवले, तर वजन बरोबर १० किलो आणि किंमत ८,२५०. तब्बल २,८५० रुपयांचा फरक!

चूक कुठे झाली? किलोचा भाव काढताना आपण डब्याच्या किमतीला डब्याच्याच वजनाने भागलं. पण अक्रोडाच्या डब्याने ६ किलो जागा व्यापली आणि वर ४ किलो निकामी केली. त्या रिकाम्या जागेचा भार कुणाच्याच हिशोबात धरला नव्हता. पिशवीच्या अख्ख्या १० किलोवर वाटली, तर या निवडीची किंमत किलोला ५४० पडते. काजू-बदामाची पडते ८२५. आणि अदलाबदलीचा तो पुरावा? बदामाचा डबा काढून अक्रोडाचा ठेवायला जा, वजन ११ किलो होतं. पुराव्याचा पायाच निसटला.

[दृश्य: १ ग्रॅम केशराची डबी, शेजारी १० किलोचा भलामोठा डबा.]

याहून वाईट उदाहरण बघा. १ ग्रॅम केशर, ३०० रुपये. शेजारचा १० किलोचा डबा, ८,००० रुपये. किलोच्या भावात केशर कितीतरी पुढे, म्हणून ते आधी आत गेलं. उरले ९,९९९ ग्रॅम. मोठा डबा एका ग्रॅमने अडला. हातात ३०० रुपये!

यावर छोटी दुरुस्ती आहे. लोभी निवड एकीकडे, एकट्याने मावणारा सर्वांत महाग डबा दुसरीकडे. जे जास्त, ते घ्या. निम्म्याहून कमी कधीच मिळणार नाही, एवढी हमी मिळते. नेमकं उत्तर मात्र यातूनही मिळेलच असं नाही.

[दृश्य: पडद्यावर कोड. शेवटून दुसरी ओळ ठळक होते.]

नेमकं उत्तर हवं, तर प्रत्येक वजनापर्यंतची सर्वोत्तम किंमत नोंदवत जावी लागते.

```
W = 10
best = [0] * (W + 1)
for w, v in [(6, 5400), (5, 4250), (5, 4000)]:
    for c in range(W, w - 1, -1):
        best[c] = max(best[c], best[c - w] + v)
print(best[W])
```

उत्तर येतं ८,२५०. आतला लूप वजन उतरत्या क्रमाने घेतो, आणि इथेच पुष्कळ जण घसरतात. तो चढता केला, तर ५ किलोच्या घरात नुकताच ठेवलेला काजू १० किलोच्या घरासाठी पुन्हा मोजला जातो. उत्तर येतं ८,५००, म्हणजे काजूचे दोन डबे, आणि आपल्याकडे तर एकच आहे! आकडा सुट्या मालाच्या ८,८०० च्या खाली असल्याने संशयही येत नाही. म्हणून कोणते डबे निवडले, तेही छापून बघा.

आकारमान वाढलं की हा तक्ता महाग पडतो: किलोऐवजी ग्रॅम मोजले, तर काम हजारपट. संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये एनपी-पूर्ण ठरवलेल्या २१ प्रश्नांत नॅपसॅक आहे. एनपी-पूर्ण म्हणजे असे प्रश्न, ज्यांचं नेमकं उत्तर दर वेळी झटपट देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही.

[दृश्य: फळ्यावर झाडासारखी आकृती. एका फांदीवर खडूने फुली.]

तरीही सुट्या मालाचं ते ८,८०० वाया जात नाही. डबे फोडायची मुभा दिल्यावर जेवढं मिळतं, त्याहून जास्त सीलबंद डब्यांतून मिळूच शकत नाही. ही कमाल मर्यादा गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांनी १९५७ मध्ये मांडली, आणि शाखा छाटत जाणारी पद्धत तिच्यावरच चालते. तिच्यात प्रत्येक डब्याला दोन फांद्या फुटतात, डबा आत किंवा बाहेर, आणि जिची मर्यादा हातातल्या किमतीपुढे जात नाही, ती फांदी कापतात. आपल्याच डब्यांचं बघा. समजा ८,२५० हातात आहे. अक्रोड आत घेण्याच्या फांदीची मर्यादा ८,८००, म्हणून ती उघडून बघावीच लागते. तिथे दुसरा डबा मावत नाही, हाती ५,४००. अक्रोड आणि काजू दोन्ही बाहेर ठेवण्याच्या फांदीची मर्यादा ४,०००. ती न उघडताच कापली.