आमची दोन मिनिटं

(दृश्य: डोंबिवलीतल्या एका चाळवजा इमारतीचा तळमजला. सकाळचे सात. मोठी लोखंडी कढई, तिच्यात ज्वारी. उलथन्याचा आवाज.)

थालीपिठाच्या भाजणीचा हा छोटा व्यवसाय आहे. तीन बायका, एक गिरणी आणि अर्ध्या किलोची पाकिटं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे, सगळं इथं वेगवेगळं भाजलं जातं. प्रत्येकाचा वेळ वेगळा. धणे पटकन खमंग होतात, हरभरा डाळ सावकाश. सगळं एकदम कढईत टाकलं तर धणे करपतात आणि डाळ कच्ची राहते. घरच्या भाजणीला चव येते ती इथूनच, आणि पाकीट विकायचं तेही याच एका गोष्टीवर.

ही गोष्ट 2024 च्या सुरुवातीची. तेव्हा एक ट्रेंड फिरत होता. एखाद्या कामाचे किंवा गावाचे लोक एकामागून एक कॅमेऱ्यासमोर येतात आणि म्हणतात, ‘वी आर अमुक, ऑफ कोर्स वी तमुक.’ नर्सेस, शिक्षक, मोठ्या बहिणी, सगळ्यांनी करून झालं होतं. मालकीणकाकूंच्या भाचीला, म्हणजे इथं रील बनवणाऱ्या मुलीला, तो आवडला. त्याला गाणं लागत नाही, हे त्यातलं खरं कारण. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंटला गाजलेली सिनेमाची गाणी सहसा वापरता येत नाहीत. बोलून होणारा ट्रेंड मात्र कुणालाही करता येतो.

(दृश्य: टेबलावर वही. खोडलेल्या ओळी.)

पहिली ओळ तिनं लिहिली ती अशी: ‘आम्ही पुणेकर आहोत, अर्थातच एक ते चार आम्ही भाजणीची स्वप्नं बघतो.’

हसू येतं. पण भाजणीच्या जागी गादी घाला, उशी घाला, फ्रीज घाला. विनोद तसाच उभा राहतो, म्हणजे तो आपला नाहीच. शिवाय धंदा डोंबिवलीचा, त्यात पुणेकर आले कुठून? आणि ‘अर्थातच’ तर शाळेच्या निबंधातून उठून आल्यासारखं वाटतं. इंग्रजीत ‘ऑफ कोर्स’ जे काम करतं, ते मराठीत एक ‘च’ करतो. ‘करणारच.’ ‘होणारच.’ ट्रेंडचा ठेका त्या ‘च’मध्ये आहे, हे तिला कागदावर नाही, मोठ्यानं वाचताना कळलं.

दुसरी ओळ: ‘आम्ही सुना आहोत. सासूबाईंनी नावं ठेवू नयेत म्हणून भाजणी विकत आणणारच.’

यात भाजणी आहे, ठेकाही आहे. पण काकूंनी ऑर्डरची वही उघडून समोर ठेवली. पाकिटं मागवणाऱ्यांत निम्म्या तरी सासवाच. चारशे रुपयांची ऑर्डर देणाऱ्या बाईला आपणच टोमणा मारायचा? वर त्यातून असंही निघतं की विकतची भाजणी म्हणजे लपवायची गोष्ट. विनोदानं मालाचीच किंमत उतरवली.

(दृश्य: कढई जवळून. बाजरी तडतडते.)

तिसरी ओळ सगळ्यांना आवडली. ती मुलगी ती वाचून स्वतःच हसली. ‘आम्ही भाजणीवाले आहोत. आमच्याकडे ज्वारी आणि तांदूळ एका पंगतीला बसणार नाहीतच.’

वेगवेगळं भाजण्याचा मुद्दा नेमका आला होता. ओळ सुबक होती, तोंडात बसत होती. काकू म्हणाल्या, टाक.

कढईपाशी उभ्या असलेल्या मावशींनी उलथनं थांबवलं. ‘ते पंगतीचं काढ गं,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या आईला गावात वेगळं बसवायचे.’

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. वाक्यात कुणाचं नाव नव्हतं, जात नव्हती, शिवी तर नव्हतीच. पण पंगत या शब्दाला महाराष्ट्रात जो इतिहास चिकटलाय तो विनोदाबरोबर फुकट येतो, आणि तो कुणाच्या ताटात पडेल हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. हेतू चांगला होता, ही सबब वाचणाऱ्यापर्यंत पोचतही नाही.

हे मोठ्यांच्याही हातून झालंय. 5 जून 2023 ला, पर्यावरण दिनानिमित्त, झोमॅटोनं एक जाहिरात काढली. ‘लगान’मधला कचरा हे पात्र, तीच भूमिका केलेला नट, आणि पुनर्वापरातून तयार झालेल्या वस्तू म्हणून तोच माणूस: कधी दिवा, कधी टेबल. नावावरची कोटी. पण ते पात्र सिनेमात अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाचं आहे. त्याच माणसाला कचऱ्यापासून बनवलेली वस्तू करून दाखवणं किती बोचेल, हे लिहिण्यापासून चित्रीकरणापर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं तरी बोललं गेलं नाही. टीका झाली, कंपनीनं काही समाजांच्या भावना नकळत दुखावल्या गेल्या असाव्यात असं म्हणत जाहिरात मागे घेतली.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. डोंबिवलीच्या त्या खोलीत ओळ मोठ्यानं वाचली गेली, आणि ऐकणाऱ्यांत मावशी होत्या. आणि त्यांना बोलता आलं.

(दृश्य: मुलगी मोबाइलवर टाइप करते, खोडते.)

मग शोध सुरू झाला की हसायचं कुणावर. उरलं कोण? आपणच. आपला कोणता दोष असा आहे, जो गिऱ्हाइकाला गुण वाटेल? उत्तर कढईत होतं. या बायकांना वेळ लागतो. काकू फोनवर ‘दोन मिनिटांत पाठवते’ म्हणतात, तेव्हा ज्वारी अजून डब्यात असते.

मधे एक ओळ येऊन गेली, ‘गॅस मंद, आम्ही त्याहून मंद.’ मुलीनं स्वतःच खोडली. मंद हा शब्द शाळेत कुणाकुणाला ऐकावा लागतो, हे तिला मावशींच्या त्या वाक्यानंतर आपसूक आठवलं असावं.

आणि मग: ‘आम्ही भाजणीवाले आहोत. आमची दोन मिनिटं पाऊण तास चालणारच.’

गादीवाल्याला ही ओळ लावून बघा, बसत नाही. टोला स्वतःलाच. रीलखाली कॅप्शनची फार तर पहिली ओळ दिसते, बाकीची उघडावी लागते, म्हणून विनोद तिथंच संपायला हवा, आणि संपतो. दुसऱ्या ओळीत साधं सांगणं: ‘आठ धान्यं-मसाले, आठ वेळा कढई.’ तिसरीत ऑर्डर कुठं द्यायची ते. हॅशटॅग दोन.

ही ओळ व्हिडिओवर अक्षरांतही यायची होती. कॅप्शन पोस्ट केल्यानंतर बदलता येतं, व्हिडिओत उमटवलेली अक्षरं बदलता येत नाहीत. म्हणून एडिटिंगआधी शेवटचं वाचन. मुलीनं कढईपाशी उभं राहून वाचलं.

मावशी हसल्या. मग म्हणाल्या, ‘पाऊण तास? अगं, तेवढ्यात नुसती ज्वारी होते.’

(दृश्य: वहीत ‘पाऊण तास’ खोडलेलं. वर लिहिलेलं: ‘आमची दोन मिनिटं सकाळभर चालणारच.’ कढईत तांदूळ पडतात.)