‘ओके’ आलं, पण कशाला?

मीटिंगचा वृत्तांत आणि मंजुरीची मागणी ही दोन वेगळी कामं आहेत. आपण ती एकाच मेलमध्ये करतो, त्याला हरकत नाही. पण बहुतेक वेळा वृत्तांत मंजुरीला गिळून टाकतो. आज मी त्यातल्या मंजुरीबद्दलच बोलणार आहे. वृत्तांत सगळ्यांनाच लिहिता येतो.

एक उदाहरण घेऊ. एका कंपनीत १ एप्रिलला नवी बिलिंग प्रणाली सुरू व्हायची आहे. १४ मार्चच्या मीटिंगमध्ये लक्षात येतं की चाचण्या वेळेत संपणार नाहीत. मग तीन गोष्टी ठरतात. सुरुवात १५ एप्रिलला करायची, जुन्या प्रणालीचा करार एक महिना वाढवायचा आणि पहिल्या टप्प्यातून अहवालांचा भाग वगळायचा. संध्याकाळी मेल जातो : ‘आजच्या मीटिंगचा सारांश खाली देत आहे. कृपया पाहून अभिप्राय कळवावा.’ खाली दीड पानभर चर्चा, कोण काय म्हणालं, आणि हे तिन्ही निर्णय तीन वेगवेगळ्या परिच्छेदांत.

दुसऱ्या दिवशी संचालकांचं उत्तर येतं, ‘ओके, पुढे जा.’

आता सांगा, ओके कशाला? त्यांनी फोनवर पहिल्या चार ओळी वाचल्या, तारीख पुढे गेल्याचं कळलं, त्याला ते हो म्हणाले. करारवाढीचा खर्च त्यांच्या नजरेलाच पडला नाही. महिनाअखेरीला वित्त विभाग विचारतो, ‘ही मंजुरी कुणी दिली?’ तेव्हा तुमच्या हातात तो एक शब्द असतो. त्याच्यावर तुम्ही काहीही सिद्ध करू शकत नाही.

हाच मेल असा लिहून पाहा. विषय : ‘मंजुरी हवी – बिलिंग प्रणाली, ३ निर्णय, १८ मार्चपर्यंत’. नुसतं ‘मीटिंगचा सारांश’ लिहिलेला मेल माणूस सावकाश वाचायला बाजूला ठेवतो. मग पहिल्याच ओळीत, कुणाकडून काय हवंय ते. त्याखाली तिन्ही निर्णय क्रमांक देऊन. दुसरा असा लिहिता येईल :

‘२. जुन्या प्रणालीचा करार ३० एप्रिलपर्यंत वाढवणे. तो ३१ मार्चला संपतो, आणि न वाढवल्यास १ ते १४ एप्रिल बिलं काढता येणार नाहीत. वाढ महिन्याच्या हिशोबानेच मिळते. खर्चाचा आकडा सोबत जोडला आहे. तो मंजूर अंदाजपत्रकाबाहेर आहे. आमची शिफारस : मंजूर करावे.’

यात दोन वाक्यं मोलाची आहेत. एक, नाही म्हटलं तर काय होईल. दुसरं, ‘अंदाजपत्रकाबाहेर आहे’. अडचणीची गोष्ट जोडपत्रात ढकलायचा मोह होतो, पण वरिष्ठांना ती नंतर दुसऱ्याकडून कळली की पुढचा प्रत्येक मेल ते संशयाने वाचतात. मीटिंगमध्ये कुणाचा ठाम विरोध असेल तर तोही एका ओळीत लिहा. अहवाल वगळायला विक्री विभागाचा विरोध होता, हे संचालकांना विक्रीप्रमुखांच्या फोनवरून कळू नये.

१८ मार्चच का? मुदतवाढीचं पत्र पुरवठादाराला २० मार्चपर्यंत द्यायचंय आणि ते तयार करायला दोन दिवस लागतात. कारण लिहिलं की मुदत पाळली जाते. ‘लवकरात लवकर’ला कुणी भीक घालत नाही.

बरेच जण शेवटी एक वाक्य टाकतात : ‘उत्तर न आल्यास मंजुरी समजू.’ पहिल्या निर्णयापुरतं, तेही तशी पद्धत आधी ठरलेली असेल तर, ठीक. तारीख पुन्हा बदलता येते. पण करार आणि पैसा यांना मौन चालत नाही. तिथे लेखी होकारच लागतो, आणि तोही ज्याला तेवढ्या रकमेचा अधिकार आहे त्याचाच. म्हणून ‘टू’मध्ये फक्त मंजुरी देणारी माणसं ठेवा, माहितीसाठीची ‘सीसी’त. ‘टू’मध्ये नऊ नावं असली की प्रत्येकाला वाटतं, उरलेल्या आठांपैकी कुणीतरी उत्तर देईल. मंजुरी देणारे दोघं असतील तर कुठला क्रमांक कुणाचा, तेही लिहा.

एवढं करूनही ‘ओके’ येतंच. वरिष्ठ गाडीत असतात, दुसऱ्या मीटिंगमध्ये असतात. चिडू नका. त्याच मेलवर लगेच उत्तर द्या : ‘धन्यवाद. १, २ आणि ३ तिन्ही मंजूर, असं धरतो. २ च्या पत्राचं काम आज दुपारी ४ वाजता सुरू करतोय. त्यातलं काही मान्य नसेल तर त्याआधी सांगावं.’ हा होकार अंदाजाने धरलेला नाही, त्यांच्या शब्दाचा अर्थ त्यांच्यासमोर ठेवलेला आहे. आमच्या ओळखीच्या एका प्रकल्पप्रमुख बाई असा मेल टाकल्यावर खर्चाच्या बाबतीत फोनही करतात, आणि फोनवर हो मिळालं तर तसं त्याच साखळीत लिहून टाकतात.

आणि वृत्तांत? तो सगळ्यात खाली, किंवा जोडपत्रात. ज्याला हवा तो उघडून वाचेल.